मूळ मृत्युपत्र गहाळ, हातात फक्त झेरॉक्स : कोर्टात काय सिद्ध करावं लागतं

मूळ मृत्युपत्र सापडत नाही म्हटल्यावर पक्षकार झेरॉक्स पुढे करतात आणि विचारतात, "ही चालेल का?" दिवाणी बाजूला काम करणाऱ्या वकिलाचा उलट प्रश्न ठरलेला असतो : मूळ कागद शेवटचा कोणी, कुठे आणि कधी पाहिला? झेरॉक्स कितीही स्वच्छ असली तरी या प्रश्नाला पुराव्यानिशी उत्तर मिळेपर्यंत कोर्ट तिच्याकडे वळत नाही. पुण्यासारख्या शहरात हे प्रकरण प्रत्यक्षात कसं चालतं, ते एका नमुन्याच्या प्रकरणावरून सांगतो.

वडिलांनी 2014 मध्ये साध्या कागदावर तीन पानी मृत्युपत्र टाइप करून घेतलं. त्याला स्टँप पेपर लागत नाही आणि नोंदणीचीही सक्ती नाही, म्हणून नोंदणी केली नाही. फ्लॅट मुलीला, बँकेतल्या ठेवी मुलगा आणि मुलगी दोघांना सारख्या, आणि मृत्युपत्र अंमलात आणणारी व्यवस्थापक म्हणून मुलीचं नाव. साक्षीदार दोन, शेजारी आणि घरचे डॉक्टर. कागद वडिलांच्या कपाटात होता. ऑगस्ट 2023 मध्ये वडील गेले. तेराव्यानंतर आत्यांच्या समोर कपाट उघडलं, मृत्युपत्र निघालं. मुलीने मोबाइलवर तिन्ही पानांचे फोटो काढून नाशिकला भावाला पाठवले. मग दुकानातून झेरॉक्स काढली आणि ऑक्टोबरमध्ये फ्लॅट नावावर करण्यासाठी मूळ प्रत अर्जासोबत सोसायटीच्या ऑफिसात दिली. ती तिथून परत आलीच नाही. जानेवारी 2025 मध्ये झेरॉक्स जोडून प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाचं शिक्कामोर्तब मागणारा, अर्ज दाखल झाला, आणि भावाने हरकत घेतली : वडिलांचं मन बदललं होतं, त्यांनी जिवंतपणीच मृत्युपत्र फाडून टाकलं होतं.

ही हरकत हलक्यात घेण्यासारखी नाही. मृत्युपत्र करणाऱ्याने रद्द करण्याच्या इराद्याने ते स्वतः फाडलं, जाळलं किंवा आपल्यासमोर दुसऱ्याला फाडायला सांगितलं, तर ते रद्द होतं. म्हणून जुन्या इंग्रजी निकालांपासून चालत आलेलं एक गृहीतक आहे : मृत्युपत्र शेवटपर्यंत करणाऱ्याच्याच ताब्यात होतं आणि मृत्यूनंतर मिळालं नाही, तर त्याने ते स्वतः नष्ट केलं असं धरायचं. हे गृहीतक खोडून काढता येतं. दुर्गा प्रसाद विरुद्ध देबी चरण या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपल्याकडच्या परिस्थितीत ते जपूनच लावायला हवं. आपल्या घरांत कपाटाची किल्ली चार जणांकडे असते, कागद इकडचे तिकडे होतात, ज्याचं नुकसान होणार त्याचाही हात तिथवर पोचतो. तरीही खोडायचं काम अर्जदारालाच करावं लागतं.

भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925 चं कलम 237 याच जागी उपयोगी पडतं. मृत्युपत्र करणाऱ्याच्या मृत्यूनंतर मृत्युपत्र हरवलं किंवा गहाळ झालं, अथवा त्याच्या स्वतःच्या कृतीने नव्हे तर दुसऱ्याच्या गैरकृत्याने किंवा अपघाताने नष्ट झालं, आणि त्याची नक्कल किंवा मसुदा शिल्लक असेल, तर त्या नकलेवर प्रोबेट देता येतं. यातले 'मृत्यूनंतर' हे शब्द अर्ज लिहिताना डोळ्यांसमोर ठेवावे लागतात. मृत्यूच्या दुसऱ्या दिवशी कागद शाबूत होता एवढं एकदा सिद्ध झालं की "वडिलांनी फाडलं" या बचावाला काही अर्थच उरत नाही. नक्कलही नाही आणि मसुदाही नाही, अशा वेळी कलम 238 खाली नुसत्या मजकुराच्या पुराव्यावर प्रोबेट मागता येतं, पण ती वाट फार अवघड आहे आणि इथे तिची गरज नाही.

तेव्हा आमचा सगळा भर आधी एकाच गोष्टीवर : ऑगस्ट 2023 नंतर मूळ कागद अस्तित्वात होता. मुलगी तसं सांगेलच, पण तिला फ्लॅट मिळणार आहे. आत्यांची साक्ष जास्त वजनाची, कारण मृत्युपत्रात त्यांना काहीच नाही. त्याहून मोलाचे मोबाइलमधले फोटो. ते मृत्यूनंतर काढलेले आहेत, पाठवल्याची तारीख आणि वेळ आहे, आणि भावाचं उत्तर आहे, "पुण्यात आल्यावर बोलू". भावाने तेव्हा "हे काय आहे?" असंही विचारलं नाही आणि "बाबांनी तर हे फाडलं होतं" असंही म्हटलं नाही. फक्त हे सगळं नुसत्या छापील स्क्रीनशॉटवर वाचलं जात नाही. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र सोबत लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक मोबाइल ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा आणि दुसरा तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ओळख-संकेत, दोन्हींत लिहायची. मोबाइल बदलला, जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला, चॅट उडाली, असं झालं की हा धागा तुटतो. म्हणून वाद दिसायला लागल्याबरोबर तो मोबाइल बाजूला काढून ठेवावा.

फोटो पाठवलेला दिवस ऑगस्टमधला आणि सोसायटीकडे अर्ज ऑक्टोबरमधला. इथे प्रकरण एका छोट्या गोष्टीवर अडतं. अर्जाच्या पोचप्रतीवर सोसायटीचा शिक्का आहे, आवक क्रमांक आहे, आणि खाली लिहिलंय : "सोबत : मृत्यूचा दाखला, मृत्युपत्र, शेअर सर्टिफिकेट." 'मूळ' हा शब्द नाही. उलटतपासात भावाचे वकील हेच धरून बसतात, की दिली ती झेरॉक्स होती आणि मूळ कधी नव्हतंच. पोचप्रत एकटी याचं उत्तर देऊ शकत नाही.

उत्तर सोसायटीच्या प्रोसिडिंग बुकात असतं. सेक्रेटरींना साक्ष-समन्स काढताना आवक रजिस्टर आणि समितीच्या सभेचं इतिवृत्त घेऊन यायला सांगायचं, नुसतं "साक्षीसाठी हजर राहा" एवढ्यावर थांबायचं नाही. या प्रकरणात नोव्हेंबरच्या सभेचा ठराव असा : "मूळ मृत्युपत्र पाहिले. सल्लागार वकिलांचा अभिप्राय घ्यावा." वाद सुरू होण्याच्या किती तरी आधी, ज्यांचा फ्लॅटशी संबंध नाही अशा लोकांनी, रोजच्या कामाच्या ओघात लिहिलेलं हे एक वाक्य मुलीच्या दहा पानी शपथपत्रापेक्षा जास्त काम करतं. सल्लागार वकील साक्षीत सांगतात की आपल्याकडे झेरॉक्सच आली होती. वरवर हे अर्जदाराच्या विरुद्ध वाटतं, पण कागद सभेनंतर आणि वकिलांकडे जाण्याआधी सोसायटीच्या ऑफिसातच राहिला, हे त्यातूनच ठरतं. गहाळ होण्याची जागा जितकी नेमकी तितकं कोर्टाला पटणं सोपं.

शोध घेतल्याचाही पुरावा लागतो. सोसायटीला लेखी पत्र देऊन मूळ कागद परत मागायचा आणि "शोध घेतला, मिळत नाही" असं लेखी उत्तर घ्यायचं. उत्तर देत नसतील तर वकिलामार्फत नोटीस काढून तिची पोच ठेवायची. बँकेचा लॉकर, मसुदा करून देणारे वकील, वडिलांच्या फायली, कुठे कुठे पाहिलं ते शपथपत्रात एकेक करून लिहायचं. कागद भावाकडेच असावा असा संशय असेल तर तो कागद कोर्टात हजर कर अशी नोटीसही त्याला द्यायची. नाहीतर शेवटच्या युक्तिवादात तोच विचारतो की मला कधी मागितलं होतं का.

पोलिसांकडचा गहाळ दाखला पुष्कळांना ब्रह्मास्त्र वाटतो. त्यातून एवढंच दिसतं की अमुक तारखेला अमुक माणसाने कागद हरवल्याचं सांगितलं. हरवला का, हे त्याने सिद्ध होत नाही. तो घ्यावा जरूर, पण भावाची हरकत आल्यानंतरची त्यावरची तारीख असेल तर फायद्यापेक्षा तोटाच होतो. आणि दाखल्यात "रिक्षात विसरलं", अर्जात "सोसायटीने हरवलं", साक्षीत "घर बदलताना गेलं" अशी तीन तोंडं झाली तर प्रकरण तिथेच संपतं. 2007 च्या बेंगा बेहेरा प्रकरणात मृत्युपत्र नोंदणीकृत होतं, त्याची सही-शिक्क्याची नक्कल कोर्टापुढे होती, तरी मूळ हरवल्याचं नीट सिद्ध न झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली नाही. अर्जाचा मसुदा करण्याआधी पक्षकाराने आजवर कुठे कुठे काय लिहून दिलंय ते सगळं मागवून वाचावं, ते याचसाठी.

एवढं झालं की मग झेरॉक्सकडे वळायचं. दुय्यम पुरावा, म्हणजे मूळ कागदाऐवजी दिला जाणारा पुरावा, कोणता ते साक्ष अधिनियमाच्या कलम 58 मध्ये आहे आणि तो कधी देता येतो ते कलम 60 मध्ये. मूळ हरवलं किंवा नष्ट झालं, किंवा पक्षकाराच्या स्वतःच्या हलगर्जीपणाशिवाय इतर कारणाने वेळेत हजर करता येत नाही, हा आपला प्रकार. (अर्ज 1 जुलै 2024 च्या आधी दाखल झाला असेल तर 1872 चा जुना पुरावा कायदाच लागू राहतो. तिथे हीच कलमं 63 आणि 65 आहेत.) दुय्यम पुरावा देण्याची परवानगी मागणारा वेगळा अर्ज करावा लागतो असा समज अजूनही आहे. 2020 च्या धनपत विरुद्ध शिओ राम निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याची गरज नाही असं स्पष्ट केलं. हरवल्याची हकिगत अर्जात मांडलेली असली आणि त्यावर पुरावा आला की पुरतं. तरीही खालच्या कोर्टात आम्ही छोटा अर्ज देतो, कारण झेरॉक्सला पुरावा म्हणून निशाणी क्रमांक मिळतो की ती नुसती 'आर्टिकल' म्हणून ओळखीपुरती ठेवली जाते, हा वाद ऐन साक्षीच्या दिवशी होण्यापेक्षा आधी मिटलेला बरा. निशाणी पडली म्हणजे कागद सिद्ध झाला, असं मात्र कोणी समजू नये.

झेरॉक्स मुळावरूनच काढलेली आहे हे सांगणारा माणूस साक्षीला हवा. इथे मुलगी स्वतः दुकानात गेली, मूळ तिच्या हातात होतं, प्रत तिच्यासमोर निघाली, तेव्हा तिची साक्ष पुरते आणि दुकानदाराला आणावं लागत नाही. गोंधळ होतो तो वेगळ्याच कारणाने. मुलगी पहिली झेरॉक्स जपून ठेवते आणि वकिलांना तिची झेरॉक्स देते. नकलेची नक्कल मुळाशी ताडून पाहिलेली नसेल तर ती दुय्यम पुरावाही ठरत नाही. म्हणून मूळ कागदावरून निघालेलीच प्रत कोर्टात दाखल करायची आणि दुसरी आपल्या फायलीत ठेवायची. पाठीमागची बाजू कोरी होती का, तिन्ही पानांवर सह्या होत्या का, खाडाखोड होती का, हेही साक्षीत यायला हवं, कारण शाईचा फरक आणि पेनचा दाब झेरॉक्समध्ये दिसत नाहीत. मोबाइलवरचे रंगीत फोटो इथे दुसऱ्यांदा कामाला येतात. निळ्या शाईच्या सह्या, काळा टाइप आणि तिसऱ्या पानावरची घडी त्यांत दिसते, आणि झेरॉक्समधली प्रत्येक ओळ त्यांच्याशी ताडून पाहता येते.

इथवर आपण फक्त मजकूर कोर्टापुढे आणला. मृत्युपत्र कायद्याप्रमाणे झालं होतं हे अजून राहिलंच आहे, आणि मूळ हरवलं म्हणून त्यात काडीचीही सूट मिळत नाही. उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने वडिलांना सही करताना पाहिलेलं असावं, किंवा "ही माझी सही" असं वडिलांनी त्याला स्वतः सांगितलेलं असावं, आणि प्रत्येकाने आपली सही वडिलांच्या समोर केलेली असावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असायला हवेत असं नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम 67 प्रमाणे यांतला किमान एक साक्षीदार, तो हयात असेल आणि साक्ष देऊ शकत असेल तर, पिंजऱ्यात आणावाच लागतो.

आपल्या प्रकरणात डॉक्टर वारले आहेत. त्यांचा मृत्यूचा दाखला दाखल करायचा. शेजारी आता बंगळुरूला मुलाकडे राहतात, त्यांची साक्ष कोर्टाच्या परवानगीने व्हिडिओवरून किंवा कमिशन नेमून घेता येते. त्यांच्या सरतपासाच्या शपथपत्रात पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं : "मृत्युपत्रावर माझी सही आहे, ती मी ओळखतो." हे अपुरं आहे. वडिलांनी आपल्यासमोर सही केली, आपण त्यांच्यासमोर केली, आणि डॉक्टरांनीही वडिलांच्या समोरच केली, ही तिन्ही विधानं हवीत. तिसरं सगळ्यात जास्त राहून जातं. जानकी नारायण भोईर या आपल्याच महाराष्ट्रातल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं. एकाच साक्षीदाराला बोलावलं असेल तर दुसऱ्यानेही कायद्याप्रमाणे साक्षांकन केलं हे त्याच्याच तोंडून आलं पाहिजे. ते येत नसेल आणि दुसरा साक्षीदार उपलब्ध असेल, तर त्याला बोलावावंच लागतं.

शेजाऱ्यांचा उलटतपास इथेच होतो. डॉक्टरांनी सही कुठे केली, घरी की दवाखान्यात? दवाखान्यात केली असेल आणि वडील तिथे नसतील, तर ते साक्षांकनच नव्हे आणि मृत्युपत्र पडलं. शेजारी म्हणतात, "तिघं हॉलमध्ये बसलो होतो, आधी त्यांनी सही केली, मग मी, मग डॉक्टरसाहेबांनी." त्यांच्या हातात झेरॉक्स देऊन हाच तो कागद का, असं विचारलं जातं. मूळ समोर नसताना साक्षीदाराने "तंतोतंत हाच" असं ठासून सांगायला जाऊ नये. "ही त्या कागदाची झेरॉक्स आहे, यात माझी, त्यांची आणि डॉक्टरांची सही दिसते" हे खरं आहे आणि टिकणारंही आहे.

शेजारीही हयात नसते तर? मग निदान एका साक्षीदाराचं अक्षर त्याचंच आहे आणि वडिलांची सही वडिलांचीच आहे, हे दोन्ही सिद्ध करावं लागलं असतं. डॉक्टरांच्या केसपेपरवरच्या सह्या, वडिलांच्या बँकेतली नमुना सही, ओळखणाऱ्या माणसांची साक्ष, अशी जमवाजमव करावी लागते. हस्ताक्षरतज्ज्ञ झेरॉक्सवर ठाम मत द्यायला कचरतात आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण पेन कुठे उचललं, दाब कुठे पडला हे त्यांना दिसतच नाही. मृत्युपत्र तीस वर्षांचं जुनं आहे म्हणून साक्षीदार नको, हा युक्तिवादही मृत्युपत्राला लागू होत नाही.

मृत्युपत्र नोंदणीकृत असतं तर काय वाचलं असतं, तेही पाहू. दुय्यम निबंधकांच्या बुक क्रमांक 3 मध्ये त्याची नक्कल असते. करणारा जिवंत असेपर्यंत ती फक्त त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मिळते, त्याच्या मृत्यूनंतर अर्ज करणाऱ्या कोणालाही मिळते. शोधही निबंधकच घेतात, आपण जाऊन चाळता येत नाही. या नकलेने मजकुराचा आणि नकलेच्या अस्सलपणाचा वाद संपतो. हरवल्याचा पुरावा आणि साक्षांकनाचा पुरावा या दोन्ही गोष्टी मात्र तशाच द्याव्या लागतात. नोंदणी करताना सही करणारे निबंधक आपोआप साक्षांकन करणारे साक्षीदार होत नाहीत, हेही बेंगा बेहेरा निकालातलंच. नोंदणी नसलेल्या आपल्या प्रकरणातही निबंधकांकडे शोधाचा अर्ज द्यावा : वडिलांनी नंतर दुसरं मृत्युपत्र किंवा रद्दपत्र नोंदवलेलं नाही, एवढं त्यातून दाखवता येतं.

अर्ज दाखल करताना तो उत्तराधिकार कायद्याच्या कलम 276 खाली, झेरॉक्स जोडून, आणि कलम 237 चा उल्लेख पहिल्याच परिच्छेदात करून द्यावा. मृत्यूची तारीख, हे शेवटचं मृत्युपत्र असल्याचं विधान, ते रीतसर झाल्याचं विधान, मालमत्तेची किंमत आणि व्यवस्थापक कोण हे त्यात येतं. साक्षीदार मिळण्यासारखा असेल तर त्याची पडताळणीही अर्जावर लागते, म्हणून बंगळुरूची धावपळ सुरुवातीलाच करावी लागते. मृत्युपत्रात व्यवस्थापक नेमलेला नसेल तर प्रोबेटऐवजी मृत्युपत्र जोडून व्यवस्थापनपत्र मागायचं. वारसांना नोटिसा जातात, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस येते, आणि भावाने हरकत घेतल्यावर अर्जाचं रूपांतर दाव्यासारख्या कामात होतं. तिथे पहिला मुद्दा हरवण्याचा असतो आणि दुसरा मृत्युपत्र सिद्ध होण्याचा. मुलीला जास्त वाटा मिळाला एवढ्यावरून संशय घेता येत नाही, पण मसुदा करताना ती हजर होती, वकिलाकडे तीच घेऊन गेली, असं पुढे आलं तर त्याचा खुलासा तिनेच करायचा असतो.

दोन्ही मुद्दे जिंकले तरी मिळणारं प्रोबेट मर्यादित असतं. मूळ किंवा त्याची रीतसर प्रमाणित प्रत हजर होईपर्यंत, असं आदेशात लिहिलेलं असतं. सोसायटी आणि बँक ते वाचून कधी कधी बिचकतात, तेव्हा कलम 237 ची मर्यादा अशीच असते आणि आज आदेश पूर्ण अंमलात आहे, हे त्यांना पत्राने कळवावं लागतं. सोसायटीच्या एखाद्या फायलीतून मूळ कागद नंतर निघाला, तर तो घरी न नेता, सापडल्याची जागा आणि तारीख लिहून घेऊन थेट त्याच कोर्टात दाखल करायचा.